फोटोतला फेटा डोक्यावर कसा बसतो

लग्नपत्रिकेवरचा नवरदेव पाहताना कधी कधी आपली नजर अडखळते. चेहरा ओळखीचा, शेरवानी झकास, फेट्याचा रंगही सुरेख, तरी काहीतरी खटकत राहते. फेटा डोक्यावर बांधलेला न वाटता वरून चिकटवल्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा तो खरोखर चिकटवलेलाच असतो. साखरपुड्याच्या दिवशी मुलाने फेटा बांधलेला नसतो, फोटो मात्र त्या दिवशीचाच चांगला आलेला असतो. पत्रिका लग्नाच्या दीड-दोन महिने आधी छापायची असते आणि घरच्यांना त्यावर फेट्यातला नवरदेव हवा असतो. मग ते काम स्टुडिओत संगणकावर बसणाऱ्याकडे येते.

हे काम करणारे बहुतेक जण सगळा वेळ फेट्यावर घालवतात. त्याचा रंग उजळतात, जर चमकवतात, तुरा ताठ करतात. माझा अनुभव असा की पाहणाऱ्याची नजर तिथे अडतच नाही. ती अडते फेट्याच्या खालच्या काठाशी, जिथे कापड संपते आणि कपाळ, कानशील, केस सुरू होतात त्या पट्टीत. खरा फेटा बांधला की माणसाचा चेहराही बदलतो. कपाळावर सावली येते, कानशिलावरचे केस दबतात, कानाचे वरचे टोक काळवंडते. फोटोत फेटा घालायचा म्हणजे मुख्यतः चेहऱ्यातले हे बदल करायचे.

एका फोटोच्या आधाराने हे नीट सांगता येईल. एक काकू मुलाच्या साखरपुड्याचा फोटो घेऊन आल्या. सोबत दुसरीकडून करून घेतलेली, फेटा घातलेली प्रतही होती. म्हणाल्या, "फेटा चांगला आहे, पण हा माझा मुलगा वाटत नाही. डोकं केवढं लांब दिसतंय बघा." त्यांची तक्रार अगदी बरोबर होती आणि त्या प्रतीत नेहमीचे सगळे दोष एकत्र सापडले.

मूळ फोटो असा होता. मुलगा खुर्चीवर बसलेला, आपण पाहताना डावीकडे वरच्या अंगाला मोठी खिडकी आणि फोटो काढणारा उभा, म्हणजे कॅमेरा मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोडा उंच. मुलाचे केस आजकालच्या पद्धतीचे होते. बाजूंनी अगदी बारीक, वर लांब आणि जेल लावून उभे केलेले. एक बट डाव्या भुवईच्या वर कपाळावर उतरलेली. फोटो चांगल्या कॅमेऱ्याचा, ४००० बाय ६००० पिक्सेलचा. त्यात चेहऱ्याची रुंदी एका कानाच्या मुळापासून दुसऱ्या कानाच्या मुळापर्यंत सुमारे ११०० पिक्सेल भरत होती. हा आकडा लक्षात ठेवा, सावलीच्या हिशोबात तो लागेल.

पहिल्या प्रतीत डोके लांब का दिसत होते? करणाऱ्याने फेटा केसांच्या मापाने बसवला होता. उभे केलेले केस पूर्ण झाकले जावेत म्हणून फेटा वर सरकवला, मग खाली कपाळ जास्त उघडे पडले, म्हणून फेटा उभा ताणला. पण फेटा कवटीवर बसतो, केसांच्या फुगवट्यावर नाही. सात-आठ मीटर कापडाचे वेढे आवळून पडले की जेल लावलेले केस सपाट होतात. म्हणून आधी केस विसरून कवटी कुठे आहे ते शोधावे लागते. कान त्याची खूण देतात. फेट्याचा खालचा काठ कानाच्या वरच्या मुळाला टेकून किंवा जरा वरून जातो आणि समोर भुवयांच्या साधारण दोन बोटे वर येतो. कानांवरच्या दोन जागा आणि कपाळावरची एक, या तीन खुणा फोटोवर वेगळ्या थरात टिंबांनी करून घेतल्या की फेट्याला जागा मिळते. रुंदीलाही असाच नियम आहे. कापडाची जाडी धरून फेटा दोन्ही बाजूंना कवटीच्या बाहेर बोटभर जातो, त्यापेक्षा जास्त गेला तर डोके मोठे दिसते.

काठाची वळणही महत्त्वाची. डोक्याभोवतीचा वेढा हे एक वर्तुळ आहे. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला असेल तर ते जवळजवळ सरळ रेषेसारखे दिसते. कॅमेरा वर असेल तर त्याचा समोरचा भाग खाली झुकलेला दिसतो, कॅमेरा खाली असेल तर कमानीसारखा वर चढतो. आपल्या मुलाचा फोटो वरून घेतलेला आणि इंटरनेटवरून उतरवलेला फेटा खालून टिपलेला, अशी गाठ त्या प्रतीत पडली होती. चेहरा खाली पाहतोय आणि फेटा वर, असे काहीसे झाले होते. थोडाफार फरक फोटोशॉपमधल्या Warp ने निस्तरता येतो, कारण फेटा मऊ कापडाचा असतो आणि त्याचे पीळ किंचित वाकले तरी कुणाला कळत नाही. पुणेरी पगडीला ही सवलत नाही. ती आधीच घडवलेली, ताठ असते. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पगडीचा आकार मराठी माणसाच्या डोळ्यात इतका पक्का बसला आहे की जरा वाकली तरी ती चुकीची दिसते. पगडी फक्त लहान-मोठी करता येते आणि किंचित फिरवता येते. कोन जुळत नसेल तर दुसरा फोटो शोधावा.

म्हणूनच मी उतरवलेले तयार फेटे टाळतो. कुठल्या प्रकाशात, कुठल्या उंचीवरून काढले ते माहीत नसते. शिवाय बहुतेकांची कड पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापलेली असते. या वेळी फेटेवाल्याकडून गुलाबी बांधणीचा कोल्हापुरी फेटा सहकाऱ्याच्या डोक्यावर बांधून घेतला. त्याला खिडकीशी बसवले, खिडकी डावीकडे वर येईल असे पाहिले, मागे राखाडी पडदा धरला आणि उभे राहून फोटो काढला. राखाडी पडदा अशासाठी की पांढऱ्याचा उजेड आणि हिरव्याचा रंग कापडाच्या कडेवर चढतो. यात आणखी एक मोठा फायदा आहे. सहकाऱ्याच्या कपाळावर त्या फेट्याची खरी सावली पडते. ती उचलून लावता येत नाही, पण शेजारी उघडी ठेवून तिच्याकडे पाहत काम करता येते. फेटा उलटा फिरवून प्रकाश जुळवण्याची युक्तीही बरेच जण करतात. पत्रिकेपुरती ती चालते. पण मुलाच्या शेजारी त्याचे काका आणि भाऊ फेट्यात उभे असतील आणि त्या सगळ्यांचे तुरे एका बाजूला असताना नवरदेवाचा दुसऱ्या बाजूला गेला, तर ते पहिल्याच नजरेत दिसते.

आता कापणे. फेट्याचे पीळ गुळगुळीत, ठाम कडेचे असतात, म्हणून ते Pen Tool ने, एकेक टिंब ठेवत, हाताने कापावेत. आपोआप निवड करणारी साधने बांधणीच्या ठिपक्यांत गोंधळतात. तुऱ्याच्या टोकाशी मात्र जरीचे सुटे धागे असतात, तिथे Select and Mask मधला कडेचा ब्रश उपयोगी पडतो. कड नेमकी कुठे संपते हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. फोटो म्हणजे बारीक चौकटींची जाळी. कडेवरच्या चौकटीत अर्धे कापड आणि अर्धी पार्श्वभूमी असते आणि कॅमेरा दोन्हींची सरासरी करून एकच रंग नोंदवतो. अशा अर्धवट झाकलेल्या चौकटींचा हिशोब कसा ठेवायचा, हे १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका निबंधात पद्धतशीर मांडले. प्रत्येक चौकटीला रंगाबरोबर ती किती झाकलेली आहे याचाही आकडा द्यायचा, ही कल्पना आजच्या प्रत्येक संपादन-प्रणालीच्या मुळाशी आहे. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की कडेच्या चौकटीत जुन्या पार्श्वभूमीचा रंग उरलेला असतो आणि फेटा नव्या जागी नेला की तो पांढरट रेघ बनून दिसतो. कड एक पिक्सेल आत घ्यावी किंवा Defringe वापरावे, ती रेघ जाते. मग कड किती मऊ ठेवायची हे शेरवानीच्या कॉलरकडे पाहून ठरवावे. कॉलरची कड त्याच फोटोत, साधारण तेवढ्याच अंतरावर असते. ती जितकी धारदार असेल तितकाच फेटा असावा. फोटोत मागचा भाग धूसर असेल तर फेट्याचा समोरचा पीळ स्पष्ट आणि मागचा तुरा जरा मऊ करावा लागतो.

केसांकडे वळताना एक गैरसमज बाजूला ठेवू. केस फेट्याच्या वर दाखवायचे नसतात, ते त्याच्या खालून बाहेर यायला हवेत. म्हणजे फेट्याचा थर वर आणि मूळ फोटो खाली, हा क्रम बरोबरच आहे. अडचण निघते ती तीन ठिकाणी. पहिली जागा फेट्याच्या बाहेर डोकावणारे केस. उभ्या केसांचे काही शेंडे उजव्या बाजूला फेट्याच्या कडेबाहेर राहिले होते. ते पुसून तिथे मागची भिंत भरावी लागते. भिंत साधी असेल तर सोपे, मागे फुलांची सजावट असेल तर पाकळ्या जुळवत बसावे लागते. दुसरी जागा कपाळावरची बट. फेटा बांधताना ती आत जाते, म्हणून फोटोतूनही ती काढली. Healing Brush ने आसपासची त्वचा तिथे आणली, पण त्वचा भुवईजवळची घेतली, केसांच्या रेषेजवळची नाही. दोन्हींचा उजेड आणि पोत वेगळा असतो.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कानशील. फेट्याच्या काठाखाली, कानाच्या पुढे, कल्ल्यापर्यंतचे केस दिसत राहतात. मूळ फोटोत ते मोकळे, जरा फुगलेले असतात. वर कापड आवळलेले असताना ते तसे फुगणे शक्य नाही. खऱ्या फेट्यात काठाला लागून ते कवटीशी चिकटतात आणि खाली उतरता उतरता पुन्हा मोकळे होतात. म्हणून Liquify मध्ये मोठा, हलका ब्रश घेऊन काठाजवळच्या केसांची बाहेरची रेषा आत ढकलायची. आपल्या मुलाचे बाजूचे केस बारीक होते, त्यामुळे दहा-बारा पिक्सेल पुरले. केस दाट असते तर याच्या तिप्पटही लागले असते. मानेवरच्या केसांनाही हाच न्याय. हे झाल्यावर फेट्याच्या काठाची रेषा केसांवरून जाते तिथे ती जरा अनियमित करावी. केस रेषेत उगवत नाहीत. काठाखालून दोन-चार बारीक केस वेगळ्या दिशेने निघालेले दाखवले की ती जागा जिवंत होते. ते एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, केसांचाच रंग उचलून काढायचे आणि मुळाशी जाड, शेंड्याला बारीक ठेवायचे. चारापेक्षा जास्त काढायचा मोह आवरावा, कारण मग ते केस ओळखू येऊ लागतात.

आता सावली. इथे सगळे काम जिंकते किंवा हरते.

सावली कुठे, किती आणि कशी पडणार हे आपण ठरवायचे नसते. फोटोत ते आधीच लिहिलेले असते, नाकाखाली. नाक हा चेहऱ्यावरचा पुढे आलेला भाग, त्याची सावली ज्या दिशेला पडते त्याच दिशेला फेट्याची पडणार. तिची कड जितकी मऊ तितकीच फेट्याच्या सावलीची आणि ती जितकी गडद तितकीच फेट्याची. आपल्या मुलाच्या नाकाची सावली उजवीकडे खाली उतरत होती आणि तिची कड मऊ होती, कारण खिडकी मोठी होती. दुपारच्या उन्हात मांडवाबाहेर काढलेल्या फोटोत हीच सावली सुरीसारखी धारदार असते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने समोरून काढलेल्या फोटोत ती जवळजवळ नसते. तिथे कपाळावर मोठी सावली रंगवणे चूकच. हॉलमध्ये व्हिडिओवाल्याचा दिवा एकीकडे आणि फ्लॅश दुसरीकडे असेल तर नाकाला दोन सावल्या दिसतात, मग फेट्यालाही दोन द्याव्या लागतात.

किती लांब? इथे मघाचा ११०० पिक्सेलचा आकडा कामी येतो. प्रौढ माणसाच्या चेहऱ्याची रुंदी कानाच्या मुळांमध्ये साधारण १४ सेंटिमीटर धरली तर या फोटोत एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ८० पिक्सेल. कापडाचा पीळ कपाळापासून दीड सेंटिमीटर पुढे येतो. प्रकाश साधारण ४५ अंशांतून उतरत असेल तर सावली तितकीच लांब पडते, म्हणजे १२० पिक्सेलच्या आसपास. पहिल्या प्रतीत ती जेमतेम ३० पिक्सेलची, सगळीकडे सारखी आणि सरळ खाली पडलेली होती. फोटोशॉपमधला तयार Drop Shadow लावून काम उरकले होते. तो परिणाम सपाट कागदावर ठेवलेल्या वस्तूसाठी आहे. कपाळ गोल असते. सावली त्याच्या वळणाबरोबर वळते आणि भुवईच्या उंचवट्याकडे येताना विरते.

सावली करण्यापूर्वी कपाळावरची चकाकी काढावी लागते. साखरपुड्याच्या मेकअपमुळे किंवा घामामुळे केसांच्या रेषेखाली एक पांढरट चमक असते. सावलीत चमक राहू शकत नाही, कारण चमक म्हणजे खिडकीचे प्रतिबिंब आणि तिथे तर आता कापड आडवे आले आहे. ती तशीच ठेवून वर सावली रंगवली की तिथे मेणचट डाग दिसतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा जाणवतो.

मग सावलीचे दोन थर करायचे. पहिला पडछायेचा. फेट्याच्या आकाराची प्रत करून ती एकरंगी भरली, फेट्याच्या खाली ठेवली, उजवीकडे आणि खाली सरकवली आणि Gaussian Blur ने मऊ केली. यातली खुबी अशी की खऱ्या सावलीची कड सगळीकडे सारखी मऊ नसते. कापडाजवळ ती स्पष्ट आणि दूर जाईल तशी विरघळत जाते. म्हणून दोन प्रती केल्या, एक जवळची आठ पिक्सेल मऊ आणि एक दूरची पस्तीस पिक्सेल मऊ. मग मास्कने दोन्ही एकमेकींत मिसळल्या. दुसरा थर कापड त्वचेला टेकते तिथल्या रेषेचा. तीन-चार पिक्सेलची, बारीक, सगळ्यात गडद रेघ. फेट्याला वजन देते ती ही रेघ. ती नसेल तर सावली कितीही चांगली असो, फेटा कपाळापासून जरासा वर तरंगत राहतो.

रंगाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण काळा ब्रश घेण्याची चूक फार होते. सावली दाखवणारा थर Multiply प्रकारात ठेवतात. त्यात खालचा आणि वरचा आकडा गुणून २५५ ने भागला जातो. मुलाच्या उजळ कपाळाचे आकडे लाल २१४, हिरवा १६० आणि निळा १२८ असे होते. त्यावर १५० चा राखाडी गुणला तर १२६, ९४, ७५ मिळतात. त्वचा अंधारते खरी, पण राख फासल्यासारखी मळकट होते. त्याऐवजी हनुवटीखालच्या सावलीकडे पाहून लाल २००, हिरवा १४० आणि निळा १२० असा तांबूस रंग घेतला, तर १६८, ८८, ६० मिळतात. हा तपकिरी-तांबूस रंग जिवंत त्वचेच्या सावलीचा आहे. प्रकाश त्वचेत थोडा आत शिरतो, तिथे पसरतो आणि रक्ताचा तांबूसपणा घेऊन बाहेर येतो, म्हणून माणसाच्या अंगावरची सावली कधी नुसती काळी नसते. पूर्ण जोर फक्त टेकणीच्या रेघेला द्यायचा, पडछायेला पस्तीस-चाळीस टक्के पुरतात. गुलाबी कापडाचा अगदी पुसटसा रंगही काठाजवळ कपाळावर उतरतो. तो दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, नाहीतर कपाळ भाजल्यासारखे दिसते.

Multiply चा एक धोका मात्र नेहमी लक्षात ठेवावा लागतो. तो आंधळा असतो. मुलाची उजवी बाजू आधीच खिडकीच्या विरुद्ध, सावलीत होती. तिथे खिडकीचा उजेड पोचतच नव्हता, मग फेट्याने तो अडवायचा कसा? जो उजेड नाही तो पुन्हा कमी होत नाही. पण Multiply तिथेही गुणाकार करून आणखी काळे करतो आणि उजव्या कानशिलावर शाई सांडल्यासारखा गडद पट्टा उमटतो. म्हणून मास्कवर मऊ ब्रशने उजव्या कानशिलाची पडछाया जवळजवळ पुसून टाकली, फक्त टेकणीची बारीक रेघ ठेवली. तसेच कान. फेटा कानांच्या वर बोटभर बाहेर येतो, त्यामुळे दोन्ही कानांची वरची टोके थोडी काळोखात जातात. कपाळ रंगवणारे कान सोडून देतात आणि मग चकचकीत उजळ कान फेट्याच्या खालून वेगळे उठून दिसतात.

आपल्याकडे मुंडावळ्यांमुळे आणखी एक पदर येतो. साखरपुड्याच्या फोटोत त्या नव्हत्या, पण काकूंनी नंतर त्याही मागितल्या. मुंडावळ्या फेट्याच्या काठाशी, त्याच्यावरून बांधतात, म्हणजे त्यांचा थर फेट्याच्याही वर जातो. मोत्यांच्या सरी कापडावरून सुटून गालांजवळ लोंबतात, त्यामुळे त्यांची सावली दोन ठिकाणी वेगळी पडते. कापडाला टेकलेल्या मोत्याखाली अगदी बारीक, गडद, आणि गालाजवळ हवेत लोंबणाऱ्या सरीची जराशी दूर, फिकट आणि मऊ. दोन्हीकडे एकच सावली लावली तर सर गालाला गोंदल्यासारखी दिसते. फुलांच्या मुंडावळ्यांचे काम मी घेत नाही. जाळीतून दिसणारी त्वचा आणि पाकळ्यांतून झिरपणारा उजेड इतके बारीक असतात की मुलाला दहा मिनिटे बोलावून, खरा फेटा आणि खऱ्या मुंडावळ्या बांधून नवा फोटो काढणे प्रत्येक बाबतीत बरे पडते. पूर्ण बाजूने काढलेला चेहरा, डोक्याला लागलेला कुणाचा आशीर्वादाचा हात, हवेत उडालेल्या अक्षता, अशा फोटोंनाही मी नाही म्हणतो.

काम झाल्यावर लगेच द्यायचे नाही. तासभर डोळे त्याच फोटोवर राहिले की ते चूक स्वीकारू लागतात. फोटो आडवा उलटवून पाहावा, डावे-उजवे बदलताच तिरका फेटा ओळखू येतो. मग रंग काढून तो कृष्णधवल करावा आणि नाकाखालची सावली व फेट्याखालची सावली यांचा गडदपणा ताडून पाहावा. रंगाची भूल गेली की फरक स्पष्ट होतो. शेवटी तो अंगठ्याएवढा लहान करून पाहावा, कारण पत्रिकेवर तो तेवढाच छापला जाणार असतो. हे सगळे फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही करता येते. Multiply तिथेही आहे आणि गणितही तेच आहे.

काकूंचा फोटो दोन ठिकाणी जाणार होता, पत्रिकेवर आणि दारातल्या फ्लेक्सवर, म्हणून त्याच्या दोन प्रती केल्या. पत्रिकेच्या खरबरीत कागदावर शाई पसरते आणि सावल्या भरून येतात, त्यामुळे तिथली पडछाया दहा टक्के हलकी केली. फ्लेक्स दुरून पाहतात आणि त्यावर बारीक तपशील विरतात, तिथे टेकणीची रेघ दुप्पट रुंद केली. पत्रिका छापायला देण्याआधी त्याच कागदावर एक नमुना मागून घेतला. काकूंनी तो डोळ्यांजवळ धरला, कपाळावरून बोट फिरवले आणि विचारले, "लग्नाच्या दिवशी हाच फेटा मिळेल का?" फेटेवाल्याचा नंबर त्यांना दिला. गुलाबी बांधणीचे ते कापड त्याच्याकडे होते आणि मूळ, बिनफेट्याचा फोटोही त्यांच्या पेनड्राइव्हवर वेगळा ठेवून दिला.